ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसण्याआधी: ३:२, ६:५ आणि सॉफ्ट १७ची खरी किंमत

लास वेगासच्या कुठल्याही कॅसिनोत ब्लॅकजॅकच्या टेबलावर एक छोटी पाटी असते. तिच्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते किमान बेट: १५ डॉलर, २५ डॉलर, ५० डॉलर. नवखा माणूस तेवढंच वाचतो आणि कमी आकडा असलेल्या टेबलावर जाऊन बसतो. पण तो आकडा टेबलाची किंमत सांगतच नाही. एका डावात कमीत कमी किती पैसे पुढे सरकवायचे, एवढंच तो सांगतो. सरकवलेल्या पैशातले किती टेबलावरच राहणार, हे दोन दुसऱ्या वाक्यांवर ठरतं, आणि ती वाक्यं टेबलाच्या कापडावर किंवा त्याच पाटीवर बारीक अक्षरात असतात. कॅलिफोर्नियातून लाँग वीकेंडला गाडी काढून जाणारी आपली मंडळी शोची तिकिटं आणि बुफेचे दर चार ठिकाणी तपासतात, मग ही दोन वाक्यंही वाचायला हरकत नाही.

खेळ ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्हाला दोन पत्ते, डीलरला दोन पत्ते, त्यातला त्याचा एक उघडा. मग हवे तर तुम्ही आणखी पत्ते एकेक करून घेऊ शकता. दश्शी, गुलाम, राणी, राजा यांचे दहा गुण, एक्क्याचा एक किंवा अकरा, बाकीचे त्यांच्या आकड्याप्रमाणे. २१च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज झाली की तुम्ही जिंकता. २१च्या वर गेलात की तुमचे पैसे लगेच जातात, मग पुढे डीलरही वर गेला तरी ते परत येत नाहीत. कॅसिनोची कमाई मुख्यतः इथून होते. पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहा गुणांचा पत्ता आला तर तो 'ब्लॅकजॅक'. त्याला नेहमीपेक्षा जास्त पैसे मिळतात. किती जास्त, तिथून आपलं काम सुरू होतं.

पहिली पायरी: बसू नका, उभ्यानेच कापड वाचा

टेबलाच्या हिरव्या किंवा निळ्या कापडावर कमानीसारखी ओळ छापलेली असते. तिच्यात 'ब्लॅकजॅक पेज थ्री टू टू' असेल किंवा 'ब्लॅकजॅक पेज सिक्स टू फाइव्ह'. ओळ दिसली नाही तर किमान बेटाच्या पाटीवर बघा. तिथेही नसेल तर डीलरला विचारा. रोज पन्नास जण विचारतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घाईत बघणाऱ्याला ६ आणि ५ हे आकडे ३ आणि २ पेक्षा मोठे वाटतात. म्हणून दोन्ही एका मापात आणा. ३:२ म्हणजे एका डॉलरला दीड डॉलर. ६:५ म्हणजे एका डॉलरला एक डॉलर वीस सेंट. १५ डॉलर लावून ब्लॅकजॅक आला तर पहिल्या टेबलावर साडेबावीस डॉलर मिळतात, दुसऱ्यावर अठरा. हातातोंडाशी आलेले साडेचार डॉलर गेले, आणि तेही तुमचा सगळ्यात चांगला हात आलेला असताना.

'ब्लॅकजॅक येतो तरी कितीदा?' असं कुणीही विचारेल. हिशोब घरच्या कागदावर होतो. सहा कॅट एकत्र पिसलेले असतील तर ३१२ पत्ते, त्यात २४ एक्के आणि दहा गुणांचे ९६ पत्ते. पहिला एक्का आणि दुसरा दहाचा, किंवा उलट, अशी शक्यता काढली तर ४.७५ टक्के येते, म्हणजे साधारण एकवीस हातांत एकदा. त्यातल्या काही वेळा डीलरलाही ब्लॅकजॅक असतो आणि डाव बरोबरीत सुटतो. त्या वेळा वगळल्या की शंभर हातांत सुमारे साडेचार वेळा तुम्हाला ब्लॅकजॅकचे पैसे मिळतात. दर वेळी बेटाचा ०.३ भाग कमी मिळाला, तर शंभर हातांमागे एका बेटाचे जवळजवळ १.३६ भाग गेले. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे एक डॉलर छत्तीस सेंट.

१.३६ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून तुलनेला मूळ आकडा हवा. त्याआधी दोन शब्द: सारख्या दोन पत्त्यांचे दोन वेगळे हात करून दुसऱ्यावर तेवढंच बेट लावणं म्हणजे जोडी फोडणं, आणि बेट दुप्पट करून एकच पत्ता घेणं म्हणजे दुप्पट करणं. सहा कॅट, ३:२, डीलर सॉफ्ट १७ वर, म्हणजे एक्का अकराचा धरून झालेल्या १७वर थांबतो आणि जोडी फोडल्यावर बेट दुप्पट करता येतं, अशा टेबलावर नियमाने खेळणाऱ्याविरुद्ध कॅसिनोची सरशी सुमारे ०.४ टक्के असते. या सरशीला हाऊस एज म्हणतात. म्हणजे कापडावरच्या दोन आकड्यांच्या बदलाने कॅसिनोचा वाटा ०.४ वरून १.८ च्या आसपास गेला, चौपटीपेक्षा जास्त. खेळ तोच, पत्ते तेच, डीलरचं हसूही तेच.

'नियमाने खेळणारा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कुठल्या हातावर पत्ता घ्यायचा आणि कुठल्यावर थांबायचं याचा तक्ता असतो, त्याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात. बाल्डविन, कँटी, मायसेल आणि मॅकडर्मॉट या अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी मेरीलँडच्या ॲबरडीन तळावर टेबलावरच्या हिशोबयंत्रांवर आकडेमोड करून तो काढला आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. आज तो खिशात मावणाऱ्या कार्डावर छापलेला मिळतो आणि बहुतेक कॅसिनो तो टेबलावर उघडपणे बघू देतात. अंदाजाने खेळलात तर इथले सगळे आकडे तुमच्यासाठी वाढीव धरा.

एकाच कॅटचं आमिष

जुन्या खेळाडूंकडून ऐकलेलं असतं की एका कॅटचा खेळ सगळ्यात चांगला. ते खरंही आहे. बाकी नियम सारखे ठेवले तर सहा कॅटऐवजी एक कॅट असल्याने खेळाडूला जवळजवळ अर्ध्या टक्क्याचा फायदा होतो. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वेगासमध्ये ६:५ पसरला तो नेमका या एका कॅटच्या टेबलांवरून. पाटीवर 'सिंगल डेक' ठळक, आणि ६:५ खाली बारीक. अर्धा टक्का द्यायचा आणि जवळजवळ १.४ टक्के काढून घ्यायचे, असा तो सौदा आहे. नंतर ६:५ सहा आणि आठ कॅटच्या टेबलांवरही आला, तिथे तर बदल्यात काहीच मिळत नाही. तेव्हा कॅट किती हा प्रश्न दुसरा, ब्लॅकजॅकचा दर काय हा पहिला.

पडद्यावर खेळायच्या यंत्रांवर कधी ब्लॅकजॅकला नुसते बरोबरीचे पैसे मिळतात, एकाला एक. वरच्याच हिशोबाने त्यात सव्वादोन टक्के जातात. किमान बेट पाच डॉलर दिसलं म्हणून तिकडे वळणाऱ्यांनी हे आधी बघावं. खेळाच्या नावात ब्लॅकजॅकच्या आधी किंवा नंतर एखादा जास्तीचा शब्द दिसला तरी थांबा. 'फ्री बेट ब्लॅकजॅक'मध्ये काही हातांवर दुप्पट करायला कॅसिनो फुकट पैसे देतो, पण डीलरची बेरीज २२ झाली तर तुम्ही जिंकायच्या ऐवजी डाव बरोबरीत जातो. फुकट काय मिळतं ते पाटी सांगते, २२चं कलम खाली असतं.

दुसरी पायरी: डीलर सॉफ्ट १७ला काय करतो ते शोधा

कापडावरची दुसरी ओळ म्हणते 'डीलर मस्ट स्टँड ऑन ऑल सेव्हन्टीन्स' किंवा 'डीलर मस्ट हिट सॉफ्ट सेव्हन्टीन'. डीलरला स्वतःचं डोकं चालवायची मुभा नसते, त्याचे नियम छापील असतात. १६ पर्यंत त्याने पत्ता घ्यायचाच आणि १७ला थांबायचं. वाद फक्त एका १७चा: एक्का आणि छक्की. एक्का अकराचा धरला तर १७, आणि पुढे मोठा पत्ता आला तर तोच एक्का एकाचा होतो. म्हणून ही बेरीज 'सॉफ्ट'. एका पत्त्याने ती २१च्या वर जाऊच शकत नाही.

डीलरला आणखी एक पत्ता घ्यायला लावणं म्हणजे त्याला बुडण्याची, म्हणजे २१च्या वर जाण्याची, आणखी एक संधी देणं, तर ते आपल्या फायद्याचं असणार, असं बहुतेकांना वाटतं. घडतं उलटं. १७ हा डीलरसाठी फारच दुबळा हात आहे. तुम्ही बुडाला नसाल तर १७वर तो फक्त तेव्हाच जिंकतो जेव्हा तुम्ही १६ किंवा कमीवर थांबलेले असता. १८, १९, २० पुढे तो हरतो. आता त्याला एक पत्ता द्या. एक्का, दुर्री, तिर्री किंवा चौकी आली तर त्याचे १८ ते २१ झाले, तेरापैकी चार वेळा. दहा गुणांचा पत्ता आला तर पुन्हा १७च, काही बिघडलं नाही, हेही तेरापैकी चार वेळा. पंजीपासून नव्वीपर्यंत काही आलं तर बेरीज १२ ते १६ अशी होते आणि त्याला आणखी पत्ता घ्यावा लागतो. बुडण्याची शक्यता फक्त या शेवटच्या वाटेवर आहे, आणि त्या वाटेवरही तो दर वेळी बुडत नाही.

सगळ्या हातांचा एकत्र हिशोब केला तर डीलरचं बुडणं शंभरात साधारण २८.२ वरून २८.६ वर जातं. पण त्याच वेळी त्याचे दुबळे १७ कमी होतात आणि भारी हात वाढतात, आणि ही वाढ त्या बुडण्याला गिळून उरते. खेळाडूला एकूण तोटा सुमारे ०.२ टक्के. ६:५च्या मानाने ही छोटी रक्कम आहे, पण ०.४ टक्क्यांच्या टेबलाचं ०.६ होतं, म्हणजे किंमत दीडपट.

अशा टेबलावर तक्ताही थोडा बदलतो. चार ते आठ कॅट असताना, डीलर सॉफ्ट १७वर पत्ता घेत असेल तर ११वर एक्क्याविरुद्धही दुप्पट करा, एक्का-सत्तीवर दुर्रीविरुद्ध दुप्पट करा आणि एक्का-अठ्ठीवर छक्कीविरुद्ध दुप्पट करा. कार्ड विकत घेताना ते कुठल्या नियमाचं आहे हे कोपऱ्यात लिहिलेलं असतं, तेवढं बघून घ्या.

तिसरी पायरी: डीलरला दोन प्रश्न

बाकीचे नियम सहसा छापलेले नसतात. 'जोडी फोडल्यावर दुप्पट करता येतं का?' याचं उत्तर हो असेल तर सुमारे ०.१४ टक्के तुमच्या बाजूने. 'सरेंडर आहे का?' म्हणजे वाईट हातावर अर्धे पैसे सोडून बाहेर पडता येतं का. याचं उत्तर हो असेल तर आणखी ०.०८ टक्के. एवढंच. हे प्रश्न दोन चांगल्या टेबलांतलं एक निवडायला उपयोगी आहेत. ६:५च्या टेबलावर सरेंडर आहे म्हणून आनंदाने बसण्यात अर्थ नाही, कारण ते दोन्ही होकार मिळूनही ६:५च्या खड्ड्याचा सहावा हिस्साच भरतो.

युरोपात आणखी एक प्रश्न लागतो. तिथे बऱ्याच ठिकाणी डीलर दुसरा पत्ता शेवटी घेतो. तुम्ही दुप्पट केलेली किंवा जोडी फोडून लावलेली सगळी रक्कम त्याच्या ब्लॅकजॅकने जाऊ शकते, आणि तक्ता त्याप्रमाणे सावध करूनही ०.११ टक्के खर्च होतात. पणजीला मांडवीतल्या जहाजांवर बसलात तर तिथेही पत्ता आधी घेतात की नंतर, आणि ब्लॅकजॅकला दर काय, हे चिप्स घेण्याआधी विचारून घ्या. (फोनवर पैसे लावून ब्लॅकजॅक देणाऱ्या ॲपचा विषय भारतात संपलेला आहे, २०२५च्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद झाले.)

चौथी पायरी: तासाचं भाडं काढा

आता सगळं एकत्र आणू. सूत्र एकच: बेट गुणिले तासाचे हात गुणिले हाऊस एज. पाच-सहा जण बसलेल्या टेबलावर तासाला साधारण ७० हात होतात असं धरू.

पहिलं टेबल: किमान १५ डॉलर, सहा कॅट, ६:५, डीलर सॉफ्ट १७वर पत्ता घेतो. हाऊस एज जवळजवळ २ टक्के. ७० हातांत १,०५० डॉलर पुढे सरकले, त्याचे २ टक्के म्हणजे तासाला २१ डॉलर.

शेजारचं टेबल: किमान २५ डॉलर, सहा कॅट, ३:२, डीलर सगळ्या १७वर थांबतो. हाऊस एज ०.४ टक्के. ७० हातांत १,७५० डॉलर सरकले, त्याचे ०.४ टक्के म्हणजे तासाला ७ डॉलर.

स्वस्त दिसणारं टेबल तिप्पट महाग निघालं. २५ डॉलरच्या टेबलावर डीलर सॉफ्ट १७वर पत्ता घेत असेल तरी तासाला साडेदहाच डॉलर होतात, म्हणजे निम्मे. हाच हिशोब पुढे ताणला तर एक कामाचा आडाखा हाती येतो: १५ डॉलरच्या ६:५ टेबलाइतका खर्च यायला ३:२चं चांगलं टेबल ७५ डॉलरचं असावं लागेल, आणि सॉफ्ट १७वर पत्ता घेणारं ५० डॉलरचं.

पण म्हणून सगळ्यांनी उठून ५० डॉलरच्या टेबलावर जावं असं मी म्हणणार नाही, कारण सरासरी खर्च ही एक गोष्ट आणि खिशाला बसणारे धक्के ही दुसरी. दुप्पट करणं आणि जोड्या फोडणं धरून एका हातातला चढउतार साधारण १.१५ बेटांचा असतो. ७० हातांनी तो साडेनऊ बेटांच्या आसपास जातो. १५ डॉलरवर याचा अर्थ एका तासात १४५ डॉलर वर किंवा खाली असणं ही अगदी नेहमीची बाब. २५ डॉलरवर तोच आकडा २४० आणि ५० डॉलरवर ४८०. संध्याकाळसाठी तुम्ही ३०० डॉलर काढून ठेवले असतील तर ५० डॉलरच्या टेबलावर सहाच बेटं होतात, ती वीस मिनिटांत जाऊ शकतात. अशा वेळी मधला मार्ग शोधावा. स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, ३:२ बहुधा मोठ्या किमान बेटाला मिळतो, डाउनटाउनला फ्रीमॉन्ट स्ट्रीटकडे कमी किमान बेटाला मिळण्याची शक्यता जास्त असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी किमान बेटं खाली असतात, शनिवारी रात्री वर.

या चढउतारामुळेच हा खर्च कुणाच्या लक्षात येत नाही. ६:५च्या टेबलावर तासाला अपेक्षित तोटा आहे दीड बेटाच्याही आतला, आणि नशिबाचा झोका साडेनऊ बेटांचा. कुणी २०० डॉलर जिंकून उठतो आणि सांगतो की टेबल झकास होतं. ३:२ असतं तर तो २१४ घेऊन उठला असता, पण ते चौदा डॉलर त्याला कधी दिसलेच नाहीत.

सूत्रातला तिसरा आकडा, तासाचे हात, हाही तुमच्या हातात आहे. रिकाम्या टेबलावर एकटेच डीलरसमोर बसलात तर तासाला दीड-दोनशे हात होतात. त्याच १५ डॉलरच्या ६:५ टेबलाचं भाडं मग ६० डॉलरपर्यंत जातं. जागा मोकळी दिसली म्हणून हुरळू नका. गजबजलेलं, गप्पा मारणारं टेबल बरं. सतत पत्ते पिसणारं यंत्र असेल तर पिसण्याची विश्रांतीही जाते आणि हात वाढतात.

आणि ६:५वरच बसायची वेळ आली तर

कधी मित्रांचा घोळका तिथेच बसलेला असतो आणि दुसरीकडे जाणं प्रशस्त दिसत नाही. मग किमान बेटावर राहा, सावकाश खेळा, शेजारच्या छोट्या गोलात चिप टाकून लावायच्या जास्तीच्या बेटांना हात लावू नका. त्यांचा हाऊस एज ६:५लाही लाजवतो.

इन्शुरन्स घेऊ नका. इन्शुरन्स म्हणजे डीलरला ब्लॅकजॅक आहे यावर लावायचं वेगळं बेट. डीलरचा उघडा पत्ता एक्का असला की तो त्याबद्दल विचारतो. सहा कॅटमध्ये तो एक्का सोडून ३११ पत्ते राहतात, त्यात दहा गुणांचे ९६. इन्शुरन्सला दुप्पट मिळतात, म्हणजे ३११ वेळा एकेक डॉलर लावला तर १९२ येतात आणि २१५ जातात. तोटा ७.४ टक्के.

याला अपवाद एकच, आणि तो ६:५च्याच टेबलावरचा. तुमच्याकडे ब्लॅकजॅक आहे, डीलरचा एक्का दिसतोय आणि तो म्हणतो, 'ईव्हन मनी?' म्हणजे त्याचा दुसरा पत्ता न बघता आत्ताच बेटाइतके पैसे घ्या. ३:२वर याला नाही म्हणायचं: डीलरला ब्लॅकजॅक नसण्याची शक्यता ६९ टक्के, १५ डॉलरवर साडेबावीसच्या हिशोबाने सरासरी साडेपंधरा डॉलर येतात, हातातल्या पंधरापेक्षा थोडे जास्त. ६:५वर त्याच ६९ टक्क्यांना अठराच डॉलर मिळतात, सरासरी साडेबारा. तेव्हा पंधरा घ्यायचे. बहुतेक कॅसिनोंनाही हा हिशोब येतो, त्यामुळे ६:५च्या टेबलांवर ईव्हन मनी सहसा देत नाहीत. नवख्या डीलरने चुकून विचारलंच तर दुसऱ्यांदा विचारायला लावू नका.